मदत हवी आहे: सत्यवादी-लबाड कोड्याची माझ्या कोष्टकात दोन उत्तरं येतात (फोटो जोडला आहे)

निशिगंधा_०७

फोटो जोडलाय, पण पान फुगलेलं होतं आणि फ्लॅशचा उजेड नेमका मधल्या ओळीवर पडलाय. दुसरा फोटो काढता येणार नाही, पुस्तक परत गेलं. वाचता येतं तेवढं इथे टंकते.

एका बेटावर दोनच प्रकारची माणसं राहतात. सत्यवादी नेहमी खरं बोलतो, लबाड नेहमी खोटं बोलतो. तिघे भेटतात.

अ म्हणतो: "ब आणि क एकाच प्रकारचे आहेत."
ब म्हणतो: "मी सत्यवादी अस▒▒ ▒▒ क लबाड आहे."
क म्हणतो: "ब लबाड आहे."

खाली सूचना आहे: "सत्यता कोष्टक मांडा, प्रत्येक अनुमानाचं कारण लिहा. उत्तर एकच आहे."

मी ब चं वाक्य "मी सत्यवादी असेन तर क लबाड आहे" असं धरलं. तिघांचे मिळून आठ पर्याय होतात, म्हणून आठ ओळी घातल्या. शेवटी दोन ओळी उरतात: एकीत फक्त ब सत्यवादी, दुसरीत फक्त क सत्यवादी. चारदा तपासलं तरी दोन्ही टिकतात. फोटोत वाक्यच वेगळं आहे की माझं गणित चुकतंय?

राघू

कोष्टक कशाला घालत बसलात? क म्हणतो ब लबाड. क खरा असेल तर ब लबाड, क लबाड असेल तर ब सत्यवादी. म्हणजे काहीही झालं तरी ब आणि क एकमेकांच्या उलट. अ म्हणतो ते एकाच प्रकारचे, म्हणजे अ लबाड. दोन ओळींत आठाचे दोन पर्याय झाले.

आता ब लबाड धरा. लबाडाचं बोलणं उलटं करून घ्यायचं. तो म्हणतो "तर क लबाड", म्हणून क सत्यवादी. सगळं जुळतं. उत्तर: फक्त क सत्यवादी.

निशिगंधा_०७

राघू, अ लबाड इथपर्यंत पटलं, माझ्याही दोन्ही ओळींत अ लबाडच आहे. पण ब सत्यवादी धरूनही सगळं जुळतंच की. मग तुमचीच ओळ का निवडायची?

वसुधाताई

निशिगंधा, सातव्या ओळीत ब च्या वाक्यापुढे काय लिहिलंस ते सांगशील का? म्हणजे अ लबाड, ब लबाड, क सत्यवादी ही ओळ. मला वाटतं गाठ तिथेच आहे.

निशिगंधा_०७

ताई, "खोटं" लिहिलंय. ब सत्यवादी नाहीच, म्हणजे त्याची अट पुरी होत नाही. अट पुरी होत नाही तर वाक्य खरं कसं म्हणायचं? म्हणून खोटं. आणि लबाड खोटं बोलतो, म्हणून ओळ टिकली.

वसुधाताई

हं, तेच. "पाऊस आला तर छत्री देईन" असं मी तुला म्हटलं आणि पाऊस आलाच नाही, तर मला खोटी ठरवता येईल का? छत्री दिली नाही हे खरं, पण मी शब्द मोडला नाही. पाऊस आला आणि तरीही दिली नाही, एवढ्या एकाच प्रसंगी मी खोटी. जर-तरचं वाक्य कोष्टकात असंच भरायचं: अट खरी आणि पुढचं खोटं, या एका जागी "खोटं", बाकी तिन्ही जागी "खरं".

ब चं वाक्य म्हणजे फक्त "ब सत्यवादी आणि क सत्यवादी" असेल तिथेच खोटं. ब जिथे जिथे लबाड आहे तिथे ते खरं पडतं. आता कोष्टक पुन्हा भरू. स म्हणजे सत्यवादी, ल म्हणजे लबाड. सत्यवाद्याचं वाक्य खोटं निघालं किंवा लबाडाचं खरं निघालं, की तो माणूस त्या ओळीत अडकला.

| ओळ | अ | ब | क | अ चं वाक्य | ब चं वाक्य | क चं वाक्य | कोण अडकतो |
|---|---|---|---|---|---|---|---|
| १ | स | स | स | खरं | खोटं | खोटं | ब, क |
| २ | स | स | ल | खोटं | खरं | खोटं | अ |
| ३ | स | ल | स | खोटं | खरं | खरं | अ, ब |
| ४ | स | ल | ल | खरं | खरं | खरं | ब, क |
| ५ | ल | स | स | खरं | खोटं | खोटं | तिघेही |
| ६ | ल | स | ल | खोटं | खरं | खोटं | कोणी नाही |
| ७ | ल | ल | स | खोटं | खरं | खरं | ब |
| ८ | ल | ल | ल | खरं | खरं | खरं | तिघेही |

सहावी एकटी उरते: ब सत्यवादी, अ आणि क लबाड. सातवीत अ आणि क दोघेही ठीक बसतात, फक्त ब अडकतो, कारण लबाड असून तो खरं बोलून बसतो.

राघू, तुमची सुरुवात उत्तम आहे, मीही हातानं सोडवताना तशीच करेन. पण जर-तरचं वाक्य उलटं करताना तुम्ही अट जशीच्या तशी ठेवून फक्त शेपूट उलटं केलंत. "असं असेल तर तसं" हे खोटं म्हणजे "असं आहे, आणि तरीही तसं नाही". ब च्या बाबतीत याचा अर्थ "ब सत्यवादी आहे आणि क सुद्धा". ब लबाड आहे असं धरून निघालो आणि ब सत्यवादी निघाला. ब लबाड असूच शकत नाही तो इथे.

बाराखडी

माझ्याकडे असंच एक कोडं आहे. त्यात तिसऱ्या प्रकारचा माणूस कधी खरं बोलतो, कधी खोटं. मग इथेही ब त्यातलाच असेल तर? दोन्ही उत्तरं बरोबर होतील.

वसुधाताई

बाराखडी, इथे पहिल्याच ओळीत "दोनच प्रकारची" लिहिलंय, तेव्हा तो प्रश्न येत नाही. तुमच्या कोड्यात तीन माणसं आणि तीन प्रकार असतील तर ओळी आठ नाही, सत्तावीस होतील. तिसऱ्या प्रकारच्या माणसाचं वाक्य तपासायचंच नाही, तो कधीच अडकत नाही. त्यामुळे बऱ्याच ओळी शिल्लक राहतात आणि म्हणूनच अशा कोड्यांत "प्रत्येक प्रकारचा एकेक" अशी जादा माहिती देतात. तुमच्यात दिलीय का?

तर्कट

फोटो मोठा करून पाहिला. "अस" नंतर दोन-तीन अक्षरांची जागा आहे. "तर" असेल, "तरच" असेल, किंवा ओळ "मी सत्यवादी असून क लबाड आहे" अशीही असेल. अंदाजावर कोष्टक बांधायचं कशाला?

वसुधाताई

रास्त शंका आहे. तिन्ही वाचून बघू.

"असेन तरच क लबाड" घेतलं तर वाक्य खोटं कुठे पडतं? क लबाड आहे पण ब सत्यवादी नाही, तिथे. म्हणजे चौथ्या आणि आठव्या ओळीत. सहावीत आणि सातवीत ते खरंच राहतं, म्हणून सहावी टिकते, सातवीत ब पुन्हा अडकतो. उरलेल्या ओळी अ किंवा क मुळे तशाही जातात. उत्तर तेच.

"असून" घेतलं तर मात्र चित्र पालटतं. तेव्हा ते "मी सत्यवादी आणि क लबाड" असं वाक्य होतं. सातव्या ओळीत ते खोटं पडतं, लबाडाला ते खुशाल बोलता येतं, आणि सहावी-सातवी दोन्ही उरतात. निशिगंधाला आलेली दोन उत्तरं नेमकी हीच. म्हणजे तिनं लिहिलं "तर", पण भरताना वापरलं "आणि". पुस्तक सांगतंय उत्तर एकच, तेव्हा छापलेला शब्द "असून" नसणार. पुसट फोटोतलं कोडं असेल तर ही पडताळणी उपयोगी पडते: एकही ओळ उरली नाही किंवा दोन उरल्या, तर एखादा शब्द चुकीचा वाचलाय किंवा एखादा रकाना चुकीचा भरलाय.

कीबोर्डकर

हातानं भरायचा कंटाळा असेल तर हे चालवून बघा.

```python
from itertools import product
for a, b, c in product([True, False], repeat=3):
    if a == (b == c) and b == (not b or not c) and c == (not b):
        print(a, b, c)
```

एकच ओळ येते: `False True False`. मधला कंस `(b and not c)` केला की दोन ओळी येतात.

निशिगंधा_०७

ताई, सातवी ओळ आता कळली. पण अनुमान कागदावर लिहायचं कसं? "कोष्टकात एकच ओळ उरली" एवढं पुरेसं आहे का? त्यांनी प्रत्येकाचं कारण मागितलंय.

वसुधाताई

कोष्टक जोड आणि खाली कारणं लिही. मी ब पासून सुरुवात करेन, कारण त्याचं वाक्य सगळ्यांत जास्त सांगतं.

ब लबाड असता तर त्याच्या वाक्यातली अट खोटी पडली असती, म्हणून पूर्ण वाक्य खरं ठरलं असतं. लबाड खरं बोलत नाही, म्हणून ब सत्यवादी. ब सत्यवादी, म्हणून त्याचं वाक्य खरं. वाक्यही खरं आणि अटही खरी, म्हणून क लबाड. ब आणि क वेगळ्या प्रकारचे निघाले, म्हणून अ चं वाक्य खोटं आणि अ लबाड. शेवटी क चं वाक्य तपास: "ब लबाड आहे" हे खोटं, बोलणारा लबाड, जुळलं.

गंमत बघ, क च्या वाक्याचा उपयोग फक्त तपासणीपुरता झाला. ते काढून टाकलं तरी उत्तर तेच येतं. राघूंनी मात्र सुरुवातच त्याच्यापासून केली, तेही चालतं, कारण सगळी वाक्यं एकाच ओळीशी येऊन मिळतात.

राघू

उलटं करण्याचं पटलं. पण एक खटकतं. ब नं नुसतं "मी सत्यवादी असेन तर अमुक" म्हटलं की अमुक खरं ठरतं? मग तो "मी सत्यवादी असेन तर या बेटावर सोनं पुरलंय" म्हणाला तर सोनंही निघणार?

वसुधाताई

कोड्याच्या नियमात, हो. पण त्याच्या बोलण्यानं सोनं उगवत नाही. सोनं नसेल तर सत्यवाद्याला ते वाक्य बोलता येणार नाही, कारण खोटं पडेल. लबाडालाही नाही, कारण खरं पडेल. म्हणजे सोनं नसलेल्या बेटावर हे वाक्य कोणाच्याच तोंडून येणार नाही. "मी लबाड आहे" हे वाक्य जसं या बेटावर कोणीच बोलू शकत नाही, तसंच.

तर्कट

इथेच माझं घोडं अडतं. बेटावरचा माणूस तोंड उघडून काहीही बोलू शकेल. "बोलूच शकणार नाही" हा नियम तुम्ही बाहेरून लादताय. आणि बोलताना कोणी अट खोटी असलेलं जर-तर "खरं" म्हणत नाही, "तो प्रश्नच येत नाही" असं म्हणतो. तसा तिसरा पर्याय कोष्टकात ठेवला तर सातवी ओळ जाणार नाही.

वसुधाताई

बोलण्याच्या भाषेबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, त्यावर तर्कशास्त्रातही वाद आहेतच. पण कोड्यानं प्रत्येक वाक्य खरं किंवा खोटं असंच मानलंय, आणि कोष्टकही तेच मानून मांडायला सांगितलंय. तिसरा पर्याय आणला की सातवीतला ब खरंही बोलत नाही आणि खोटंही नाही. मग "लबाड नेहमी खोटं बोलतो" हा नियम तिथे मोडतो, त्याचं काय?

तर्कट

नियम "लबाड कधीच खरं बोलत नाही" असा वाचला तर मोडत नाही.

बाराखडी

ताई, माझ्या कोड्यात "प्रत्येक प्रकारचा एकेक" असंच आहे, आत्ता पाहिलं. मग ओळी किती?

वसुधाताई

सहा. वेगळा धागा काढा, कोडं पूर्ण टंका, तिथे बघू. तर्कट, तुमच्या वाचनानं सत्यवाद्याचा नियमही तसाच बदलावा लागेल, म्हणजे "कधीच खोटं बोलत नाही". दोन्ही बदलून आठ ओळी भरून टाका इथे, किती उरतात ते पाहू.