निर्यातीची रक्कम जमा झाली, पण हेतू भलताच नोंदला गेला: आपले अनुभव सांगावेत

मेघना: आज बँकेच्या परकीय चलन विभागाला पत्र लिहिताना जुने प्रकरण आठवले. माल विमानाने रवाना झाल्यावर ग्राहकाने १०,००० डॉलरचे बिल चुकते केले, खात्यात ९,९७५ डॉलर आले आणि बँकेने ते P0103, म्हणजे आगाऊ रक्कम, या हेतू-संकेतांकाखाली नोंदवले. त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या निर्यात-नोंद प्रणालीमध्ये शिपिंग बिल थकीत राहिलेच, शिवाय ती रक्कमही माल न पाठवता घेतलेली दिसू लागली. "कृपया दुरुस्ती करावी" एवढ्या ईमेलची कोणी दखल घेतली नाही. मग रेमिटन्सचा संदर्भ क्रमांक आणि शिपिंग बिलाचा क्रमांक, तारीख व पोर्ट कोड देऊन लिहिले: "ही रक्कम आगाऊ नसून या शिपिंग बिलाखाली आधीच पाठवलेल्या मालाची आहे; हेतू P0102 करून ती त्याच बिलाशी जोडावी." सोबत इन्व्हॉइस आणि एअरवे बिल जोडले. कस्टम्सने माल पाठवायला दिलेल्या परवानगीची, म्हणजे 'लेट एक्स्पोर्ट ऑर्डर'ची, तारीख रक्कम जमा होण्याआधीची आहे, हे पहिल्याच परिच्छेदात आल्यामुळे वाद उरला नाही.

दत्ता: एवढा पत्रव्यवहार कशाला? एफआयआरसी मागून घेतले की काम होते, आमचे तरी त्यावरच भागते.

शिरीष: दत्ताभाऊ, मी अशाच विभागात नोकरी केली आहे. एफआयआरसीने परदेशातून पैसे आल्याचे सिद्ध होते, पण ते कोणत्या शिपिंग बिलाचे हे वेगळे जोडावे लागते. मेघनाताई, २५ डॉलरच्या फरकाचे काय केलेत? परदेशी बँकेने शुल्क कापल्याचे लिहून स्विफ्ट संदेशाची प्रत जोडली नाही, तर तेवढीच बाकी बिलावर लटकून राहू शकते.

मेघना: प्रत ग्राहकाकडून मागवली होती, शिरीषराव. बिल पूर्ण बंद करावे, अशी वेगळी विनंतीही केली.

वैशाली: माझ्याकडे शिपिंग बिलच नसते, कारण मी सॉफ्टवेअर सल्ला देते, तरीही प्रत्येक वेळी तेच मागतात. आता पोरांचे डबे भरते, उत्तर सावकाश वाचेन.

शिरीष: वैशालीताई, ही सेवा आहे, माल नव्हे. सॉफ्टवेअर निर्यातीच्या सॉफ्टेक्स फॉर्ममध्ये न येणारा सल्ला असेल तर हेतू P0802 लिहा, इन्व्हॉइस आणि करारपत्र जोडा, आणि मालाची निर्यात झालेली नसल्यामुळे शिपिंग बिल लागू नाही, हे पहिल्याच ओळीत येऊ द्या.

इरफान: आमचे पैसे ग्राहकाने नव्हे, त्याच्या समूहातील दुसऱ्या कंपनीने पाठवले आणि शिपिंग बिलावर तिचे नाव कुठेच नाही. ग्राहकाचे पत्र दिले, तरी बँकेचा डेस्क तिघांचा करार मागत आहे.

शिरीष: मूळ ऑर्डरमध्ये किंवा इन्व्हॉइसवर त्या कंपनीचा उल्लेख आहे का, हे आधी पाहा.

इरफान: ऑर्डरमध्ये आहे, इन्व्हॉइसवर नाही. ऑर्डरची प्रत आज पाठवतो. ते मानतात का, ते इथे कळवेन.