क्रमवारीतले पहिले मॉडेल की आपल्या दोनशे संदेशांवर तपासलेले?

भुसावळकर (मूळ टिपण)

शेतकऱ्यांचे येणारे संदेश रोग-कीड, खत-पाणी, पीकविमा, बाजारभाव अशा खान्यांत लावण्यासाठी एआय मॉडेल निवडायचे असले, की लोक स्वतःचे शे-दोनशे नमुने घेऊन आठवडे घालवतात. जगभरच्या लाखो मतांवर उभी राहिलेली मॉडेलांची क्रमवारी समोर असताना हा खटाटोप कशासाठी? पहिल्या क्रमांकाचे मॉडेल घ्यावे आणि कामाला लागावे. आपल्या दोनशे नमुन्यांवर निर्णय घेणे म्हणजे विहिरीतल्या बेडकाने समुद्र मोजणे होय.

बोरीकाठ, अमळनेर

भाऊ, हे वाचून मला राग आला, कारण आमच्या गटाने गेल्या हंगामात अगदी तुमच्या सल्ल्याप्रमाणे केले आणि त्याची किंमत एका शेतकऱ्याने मोजली. त्याचा संदेश होता, ‘मना कपाशीना बोंडं सडेल शेतस, काय करू?’ अहिराणी जाणणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, की ‘सडेल शेतस’ म्हणजे बोंडे सडलेली आहेत. मॉडेलने मात्र ‘सडेल’ हा प्रमाण मराठीतला भविष्यकाळ मानला, ‘शेतस’मध्ये त्याला शेत दिसले, आणि ‘पुढे नुकसान होईल अशी सर्वसाधारण शंका’ असे कारण लिहून त्याने तो संदेश ‘इतर’ खान्यात टाकला. तो खाना आम्ही शनिवारी उघडत असू आणि संदेश मंगळवारचा होता.

त्यानंतर आम्ही बसून चाचणी तयार केली. वर्षभरातल्या संदेशांतून २०० निवडले. शेवटचे २०० घेतले नाहीत, कारण तसे केले असते तर सगळे उन्हाळ्यातले आले असते आणि बोंडअळी किंवा लाल्या त्यांत दिसलाच नसता. म्हणून प्रत्येक महिन्यातून चिठ्ठ्या टाकून उचलले. आमचे कृषी सल्लागार आणि फोन सांभाळणारी ताई या दोघांनी एकमेकांचे न बघता प्रत्येक संदेशाचा खाना लिहिला. २६ संदेशांवर दोघांचे जमले नाही. ‘गारपिटीने केळी आडवी झाली, आता काय करू आणि विमा मिळेल का?’ यासारखे संदेश त्यांत होते. तेव्हा ध्यानात आले, की आमचा नियमच अर्धवट होता. मॉडेलला दोष देण्याआधी आम्ही असे ठरवले, की ज्या गोष्टीला मुदत आहे तिचा खाना आधी. विम्यासाठी अशा नुकसानीची सूचना ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते, म्हणून असा संदेश विम्यात जाईल.

मग दोन मॉडेल तपासली. क्रमवारीत सर्वांत वर असलेल्याला ‘क्ष’ म्हणतो आणि बरेच खाली, पण स्वस्त असलेल्याला ‘य’ म्हणतो. क्षचे १७१ बरोबर आले, यचे १६४. क्षच जिंकला, असे तुम्ही म्हणाल. पण चुका कोणत्या आहेत ते आम्ही वाचले. नुकसान झालेले असताना संदेश ‘इतर’मध्ये टाकण्याची चूक क्षने ९ वेळा केली, यने २ वेळा. यच्या बाकीच्या चुका बहुतेक खत-पाणी आणि बाजारभाव यांच्यातल्या अदलाबदलीच्या होत्या, आणि त्या दोन्ही खान्यांकडे त्याच दिवशी बघितले जाते. आम्ही य घेतला. तुमच्या समुद्राच्या मापात ही गोष्ट कुठे दिसते, ते मला दाखवा.

भुसावळकर

तुमचा अनुभव खरा मानतो, पण एका वाईट प्रसंगावरून क्रमवारी निरुपयोगी ठरत नाही. तुमच्याच आकड्यांत वरचे मॉडेल सात संदेशांनी पुढे आहे, म्हणजे क्रमवारीने बरोबर सांगितले होते. बाकी सारा तुमच्या खान्यांच्या व्यवस्थेचा दोष आहे. ‘इतर’ रोज उघडा, प्रश्न मिटतो.

साक्रीचा माणूस

क्रमवाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, हे मी कधीपासून सांगतो आहे. क्रमवारी ज्या परीक्षांवरून लावतात, त्यांचे प्रश्न मॉडेलांनी आधीच वाचलेले असतात, त्यामुळे ते गुण सगळे खोटे आहेत. विषय संपला.

मोजणारी, जळगाव

साक्रीकर दादा, तुमचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. शालेय गणिताचा GSM8K हा प्रश्नसंच मॉडेलांच्या परीक्षेसाठी खूप वापरला गेला होता, म्हणून २०२४ मध्ये स्केल एआयच्या संशोधकांनी त्याच धर्तीचे नवे प्रश्न लिहून मॉडेलांना पुन्हा बसवले. काहींचे गुण स्पष्ट घसरले. पण त्या वेळच्या आघाडीच्या मॉडेलांचे फारसे घसरले नाहीत. तेव्हा सगळे खोटे असे म्हणता येत नाही. वरचे आकडे खरे असूनही आपल्या कामाचे नसू शकतात, आणि अडचण तिथेच आहे. चॅटबॉट अरीनासारख्या ठिकाणी लोक दोन उत्तरांतले आवडलेले निवडतात. लांब आणि नीट मांडलेल्या उत्तराला जास्त मते पडतात असे दिसल्यावर २०२४ मध्ये त्यांनी मांडणीचा प्रभाव वजा करणारी वेगळी मोजणी सुरू केली. बोरीकाठांना मॉडेलकडून एकच शब्द हवा आहे, खान्याचे नाव. तिथे लेखनशैलीला मिळालेल्या मतांचा काय उपयोग?

आता भुसावळकर दादा, तुमचे ‘सात संदेशांनी पुढे’. दोन्ही मॉडेलांना तेच २०० संदेश दिले आहेत, तेव्हा जिथे दोघे बरोबर किंवा दोघे चूक आहेत ते संदेश निवडीसाठी काहीच सांगत नाहीत. जिथे एकच बरोबर आहे तेवढेच मोजावे. बोरीकाठ, तो आकडा द्याल का?

बोरीकाठ, अमळनेर

असे ३१ संदेश आहेत. १९ मध्ये क्ष बरोबर, १२ मध्ये य बरोबर.

मोजणारी, जळगाव

मग दोन्ही मॉडेल सारखीच आहेत असे मानून ३१ वेळा नाणे उडवले, तरी १९-१२ किंवा त्याहून जास्त एकतर्फी निकाल शंभरात सुमारे २८ वेळा येईल. म्हणजे क्ष पुढे आहे असे या चाचणीवरून कोणालाच म्हणता येणार नाही, क्रमवारीच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही.

पण बोरीकाठ, तुम्हालाही एक अवघड प्रश्न विचारते. ‘इतर’मधल्या ९ आणि २ या चुका मोजायच्या, हे तुम्ही निकाल बघण्याआधी ठरवले होते की नंतर?

बोरीकाठ, अमळनेर

नंतर. चुका वाचताना ते डोळ्यांत भरले. त्यांतली एक चूक दोघांची सारखी आहे, म्हणजे क्षच्या एकट्याच्या ८ आणि यची एकट्याची १.

मोजणारी, जळगाव

८-१ हा निकाल एरवी नुसत्या योगायोगाने शंभरात चारेक वेळाच येईल, म्हणून तो भक्कम वाटतो. पण तुम्ही बोलीनुसार पाहिले असेल, पिकानुसार, महिन्यानुसार पाहिले असेल. दहा बाजूंनी बघितल्यावर एखादी बाजू अशी दिसणे नवल नाही. माझा संशय तुमच्या निर्णयावर नाही, ‘सडेल’ची चूक खरीच आहे. पण तो अंदाज म्हणून धरा आणि आधी ठरवून नव्या संदेशांवर पुन्हा मोजा.

यावलकर

इतका वेळ शांतपणे वाचत होतो, आता राहवत नाही. बोरीकाठांच्या २०० मध्ये आमच्याकडचे केळीवाले किती आहेत? ‘माह्या केयीचे पानं पिवये पडून राह्यले’ हे वाक्य तुम्ही कोणत्या नावाखाली ठेवले? अहिराणी म्हणून ठेवले असेल तर ते चूक आहे. रावेर-यावलकडे आम्ही लेवा गणबोली बोलतो. खान्देश म्हटले की सगळी अहिराणी, हे पुण्या-मुंबईच्या माणसाने म्हटले तर समजू शकते, अमळनेरच्या माणसाने म्हणू नये.

बोरीकाठ, अमळनेर

बोलीभाषेतले ७० संदेश आम्ही एकाच गठ्ठ्यात ठेवले होते. त्यांत क्षचे ४९ बरोबर आले, यचे ५४. तुमच्या बाजूचे त्यांत फारतर पंधरा असतील. पण आमच्यासाठी ‘बोली’ हा एक गट पुरेसा होता. दोन्हींत ळचा य होतो, मॉडेलची अडचण सारखीच आहे. प्रत्येक तालुक्याची वेगळी चाचणी कोण करणार?

यावलकर

अडचण सारखी नाही, आणि ‘पुरेसा’ हे ठरवणारे तुम्ही कोण? तुमचे ‘मना’ मॉडेलला मनाई वाटू शकते, आमचे ‘माह्या’ त्याला निदान ‘माझ्या’च्या जवळचे दिसते. तुमच्याकडे कपाशी, आमच्याकडे केळी. तुम्ही बोंड सडल्याचे सांगता, आमचा शेतकरी सीएमव्ही, करपा असे केळीचे रोग लिहितो. पंधरा संदेशांवर तुम्ही आमच्या शेतकऱ्यांसाठी मॉडेल निवडले, आणि भुसावळकरांनी परदेशातल्या मतांवर निवडले म्हणून त्यांना मात्र बोल लावता. आमच्या दृष्टीने दोघांनी एकच केले.

भुसावळकर

हे मीच म्हणायला हवे होते. स्वतःचे नमुने म्हणजे कोणाचे नमुने, हा प्रश्न नेहमी उरतो.

मास्तर, धुळे

माझाही अनुभव सांगतो. मी विद्यार्थ्यांच्या निबंधांवर शेरे लिहून घेण्यासाठी तीन मॉडेलांना पाच-पाच प्रश्न विचारले, ज्याची मराठी सर्वांत गोड होती ते ठेवले आणि समाधानी आहे. तेव्हा स्वतः तपासावे याला माझा पाठिंबा आहे, २०० मात्र फार होतात.

मोजणारी, जळगाव

सर, आदर ठेवून सांगते, ही तपासणी नव्हे. पाच उत्तरे वाचून आवडलेले ठेवणे ही क्रमवारीचीच पद्धत आहे, फक्त मतदार एक. तुम्ही स्वतः तपासलेले चाळीस निबंध घ्या, तुमचे गुण झाकून ठेवा, मॉडेलांना गुण देऊ द्या, मग ताडून बघा. जे मॉडेल कच्च्या निबंधालाही गोड शेरा देते ते तिथे लगेच उघडे पडेल.

यावलकर भाऊंचा मुद्दा मला पटतो. पंधरा संदेशांत एकदोन चुका कमीजास्त झाल्या, तर त्यावरून काहीच कळत नाही. तो गट वेगळा मोजायचा असेल, तर त्यात किमान साठ-सत्तर संदेश हवेत.

बोरीकाठ, अमळनेर

यावलकर, तुमच्या बोलीला आमच्या नावाखाली घातले हे चुकले. एवढे लिहायला मला दोन दिवस लागले, यावरून काय ते समजा.

आणखी एक गोष्ट मोजणारी ताईंच्या प्रश्नाआधीच सांगायला हवी होती. य घेतल्यावर आम्ही त्याच २०० संदेशांवरच्या चुका बघून मॉडेलला दिलेल्या सूचना तीनदा बदलल्या. ‘सडेल, पडेल अशी रूपे झालेल्या नुकसानीची समजावीत’ हे वाक्यही त्यांत घातले. १६४ चे १८१ झाले, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर, आणि आम्ही खूश होतो. पुढच्या महिन्यातले ५० नवे संदेश लावले, तेव्हा ४२ बरोबर आले, म्हणजे ८४ टक्के. सूचना आम्ही जुन्या प्रश्नपत्रिकेला बेतून लिहिल्या होत्या. ‘पडेल’चे वाक्य तर उलटेही लागले. एकाने प्रमाण मराठीत ‘पाऊस पडेल का?’ असे विचारले, तो संदेश झालेल्या नुकसानीचा समजला गेला. आता ६० संदेश वेगळे ठेवले आहेत, ते शेवटपर्यंत कोणी उघडायचे नाहीत.

भुसावळकर

म्हणजे क्रमवारीत जो दोष साक्रीकरांनी सांगितला, तोच तुमच्या घरच्या चाचणीत शिरला. तरी एवढे मान्य करतो, की तुमचा दोष तुम्हाला पन्नास संदेशांत सापडला, मला माझ्या क्रमवारीचा सापडला नसता. पण चाळीस मॉडेलांतून तपासायला दोन निवडलीत ती कशावरून? क्रमवारी बघूनच ना?

बोरीकाठ, अमळनेर

हो. खर्च आणि मराठी येते की नाही हे पाहिले, आणि पहिली पाच-सहा नावे क्रमवारीवरूनच घेतली. तेवढ्यासाठी ती मला मान्य आहे.

यावलकर

मी आमच्या गटातले ७० संदेश पाठवतो. नावे आणि गट नंबर काढून टाकीन. खाने मात्र आमची माणसे लिहितील, तुमचे सल्लागार नाहीत, आणि ‘इतर’मध्ये गेलेली नुकसानीची चूक मोजायची हे आजच इथे लिहून ठेवा.

बोरीकाठ, अमळनेर

लिहून ठेवले. तुमच्या ७० पैकी ज्यांत नुकसान झालेले आहे, त्यांतले किती ‘इतर’मध्ये गेले, क्ष आणि य दोघांसाठी, आणि मोजण्याआधी सूचनेत एकही शब्द बदलणार नाही. क्ष कमी चुकला तर तुमच्याकडे क्ष लावू.