‘शिप हाय इन ट्रान्झिट’ : फॅमिली ग्रुपवर रविवारी झालेली चर्चा

नाना काका: *फॉरवर्डेड* 🚢 तुम्हाला माहीत आहे का? सोळाव्या-सतराव्या शतकात वाळवलेलं शेण खत म्हणून जहाजातून नेलं जायचं. तळाशी पाणी शिरलं की ते कुजून मिथेन वायू साचायचा आणि कुणी कंदील घेऊन खाली गेला की स्फोट! म्हणून पोत्यांवर छापू लागले : ‘शिप हाय इन ट्रान्झिट’, म्हणजे प्रवासात वरच्या बाजूला ठेवा. त्याची आद्याक्षरं एस, एच, आय, टी. आज जगभर वापरला जाणारा शब्द असा जन्माला आला!! 🙏

सुधाआत्या: दादा, सकाळी सकाळी हे काय? ग्रुपवर लहान मुलं आहेत.

ओंकार: आत्या, लहान मुलं म्हणजे मीच ना? मी हा शब्द रोज ऐकतो 😄

शरदकाका: पण नाना, यातलं शास्त्र बरोबर आहे हं. ओलं शेण हवा न लागता कुजलं की मिथेन होतोच. आणि बंद जागेत साचला तर ठिणगी पुरेशी आहे.

नाना काका: तेच म्हणतोय. उगाच कोण कशाला रचेल?

मंजिरी: शरदकाका, मिथेनचं खरंच आहे. पण त्यामुळे फक्त एवढंच ठरतं की शेणाने स्फोट होऊ शकतो. शब्दाचा जन्म तिथे झाला हे त्यातून कुठे ठरतं? अशा किश्श्यांची हीच खुबी असते. निम्मा भाग तपासून खरा निघतो आणि उरलेला निम्मा त्याच्या भरवशावर खपून जातो.

नाना काका: मंजू, तू भाषाशास्त्र शिकलीस, मग सांग ना. खोटं आहे हे कसं ठरवायचं? तेव्हा तू तरी कुठे होतीस? 😀

मंजिरी: नव्हते 😀 म्हणूनच कागद बघायचे. काका, तुमची गोष्ट एक ठाम दावा करते : सोळाव्या शतकाआधी हा शब्द नव्हता. मग पहिलं काम अगदी सोपं. त्याआधीच्या लिखाणात तो सापडतो का ते बघायचं. एकदा जरी सापडला तरी गोष्ट संपली.

चॉसर हा इंग्रजी कवी १४०० साली वारला. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत एका भल्या धर्मगुरूचं वर्णन आहे. पाद्रीच बिघडला तर साध्या माणसांचं काय होणार, हे सांगताना तो लिहितो की घाणीने माखलेला मेंढपाळ आणि स्वच्छ मेंढी हे दृश्य लाजिरवाणं आहे. ‘माखलेला’साठी त्याने वापरलेला शब्द आहे ‘शिटन’. ‘अ शिटन शेफर्ड अँड अ क्लीन शीप.’ म्हणजे तुमची जहाजं सुटायच्या शंभरेक वर्षं आधी.

सुधाआत्या: धर्मगुरूच्या वर्णनात?

मंजिरी: हो ना आत्या. तेव्हा तो शब्द आजच्याइतका टोचत नसावा.

आणि चॉसरही फार उशिराचा. ११०० सालाच्या आधीच्या जुन्या इंग्रजीत ‘स्कित्ते’ असं नाम आहे, अर्थ हगवण. तिथे स्पेलिंग एस, सी, आय, टी, टी, ई. या शब्दात एच नाहीच! सी आणि एच यांची ती अदलाबदल इंग्रजी लिहिण्याची पद्धत बदलली तेव्हा, नॉर्मन लोक आल्यानंतर झाली. ज्या शब्दात मुळात एच नाही, तो ‘हाय’ या शब्दाच्या एचवरून कसा तयार होईल?

ओंकार: ताई, हे भारी आहे 🔥

शरदकाका: एक शंका. जुना शब्द वेगळा असेल, तो मरून गेला असेल, आणि जहाजवाल्यांनी योगायोगाने तसाच नवा बनवला असेल. असं होऊ शकत नाही का?

मंजिरी: काका, प्रश्न रास्त आहे. दोन शब्द एकसारखे दिसले म्हणून एकच ठरत नाहीत. म्हणून मग शब्दाची चाल बघायची.

‘शिटन’कडे परत बघा. शेवटी ‘न’ आहे. राइट-रिटन, बाइट-बिटन, राइड-रिडन, तसंच हे. इंग्रजीत या प्रकारची क्रियापदं म्हणजे जुन्या घराण्याची मंडळी. नवीन क्रियापद भाषेत आलं की जवळजवळ नेहमी ‘एड’ लावून भूतकाळ होतो : टेक्स्टेड, ईमेल्ड. खोक्यावरच्या शिक्क्यावरून निघालेल्या शब्दालाही ‘एड’च लागला असता. तो राइट-बाइटच्या पंगतीत बसलाय, याचा अर्थ तो तिथे फार जुन्या काळापासून क्रियापद म्हणून वावरतोय. मूळ क्रियापद होतं आणि नाम नंतरचं. आद्याक्षरांच्या गोष्टीत मात्र नाम आधी लागतं.

आता दुसरी आणि माझ्या मते सगळ्यात पक्की चाचणी : शेजारच्या भाषा. जर्मनमध्ये ‘शायसे’ आणि क्रियापद ‘शायसन’. डचमध्ये ‘स्खाइटन’. स्वीडिशमध्ये ‘स्कीता’.

नाना काका: मग काय झालं? इंग्रज खलाशी सगळीकडे जात होते. त्यांच्याकडून उचलला असेल.

मंजिरी: तसं असतं तर जर्मनमध्येही शेवटी ‘ट’ राहिला असता. तिथे तर ‘स’ आहे. हा ‘स’ कुठून आला ते बघा :

इंग्रजी वॉटर, जर्मन वासर
इंग्रजी ईट, जर्मन एसन
इंग्रजी फूट, जर्मन फूस
इंग्रजी शिट, जर्मन शायसे

जुन्या जर्मनमध्ये स्वरानंतरचा ‘ट’ बदलून ‘स’ झाला. हा बदल साधारण इसवी ५०० ते ८०० च्या दरम्यानचा. एकेका शब्दात कुणाच्या मर्जीने झालेला नाही, त्या जागेवरच्या शब्दांत नियमाने झालाय. जर्मनांकडे ‘स’ आहे म्हणजे तो बदल झाला तेव्हा हा शब्द त्यांच्याकडे ‘ट’सह हजर होता. सतराव्या शतकात खलाशांकडून घेतलेल्या शब्दाला आठशे वर्षं जुना बदल लागू करायला कोण जाणार?

आणि डच-स्वीडिशमध्ये तो बदल झाला नाही, म्हणून तिथे ‘ट’च. सगळं जागच्या जागी बसतं. शरदकाका, योगायोगाने चार भाषांत आवाजांचा हा हिशोब जुळणं, तेही अर्थ तोच असताना, जवळपास अशक्य.

शरदकाका: पटलं. म्हणजे दिसण्यापेक्षा फरकांची संगती महत्त्वाची.

मंजिरी: अगदी. नुसतं साम्य कुणीही दाखवतं.

मागे गेलं तर ही शाखा आपल्यापर्यंत पोचते. या शब्दाचं मूळ ‘कापणे, वेगळं करणे’ अशा अर्थाच्या धातूकडे नेतात, आणि त्याच धातूतून संस्कृतात छिद् आला, म्हणजे आपला छेद, छिद्र. तिथेही नियम आहे. संस्कृतातल्या ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो : द्वि-टू, दश-टेन, दंत-टूथ. शरीरापासून वेगळं झालेलं, असा अर्थ. लॅटिनमध्येही हाच विचार दिसतो, ‘एक्स्क्रिमेंट’ हा शब्द ‘चाळून वेगळं काढणे’ यावरूनच आलाय.

सुधाआत्या: म्हणजे छिद्रान्वेषी माणसाचं आणि त्या शब्दाचं गोत्र एक 😂 बरं झालं सांगितलंस, एक-दोन जण डोळ्यांसमोर आले.

नाना काका: सुधा, नाव घेऊ नकोस, कळलं 😐

ओंकार: ताई पण मग आद्याक्षरांवरून शब्द बनतच नाहीत का? रडार आहे ना. लेझर पण.

मंजिरी: बनतात की. पण ती सवय मुख्यतः विसाव्या शतकातली. रडार, लेझर दोन्ही तेव्हाचे. अशा शब्दांना म्हणतात तो ‘अ‍ॅक्रोनिम’ हा शब्दही इंग्रजीत १९४० च्या दशकातच रुळला. त्यामुळे कुणी म्हणालं की पाचशे वर्षांपूर्वीचा शब्द आद्याक्षरांचा आहे, तर तिथेच भुवया उंचावायच्या. नाकारायचं नाही, पुरावा मागायचा.

‘ओके’ त्या परीक्षेत पास झालाय. १८३९ च्या मार्चमध्ये बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात तो छापून आला आणि शेजारीच ‘ऑल करेक्ट’ असा अर्थही दिलेला होता. तेव्हा तिथल्या पेपरांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं वापरायची थट्टा चालायची, त्यातला हा ‘ऑल करेक्ट’चा ओ आणि के. शब्द आणि त्याचा विस्तार त्याच काळात, त्याच पानावर. असं काही शेणाच्या बाबतीत दाखवा, मी मान्य करते. जहाजांच्या मालाच्या याद्या ढिगाने शिल्लक आहेत, पण हा शिक्का फक्त फॉरवर्डमध्येच दिसतो. आणि तिथेही एकमत नाही. कुठे ‘शिप’, कुठे ‘स्टोअर’, कुठे ‘स्टो’.

शरदकाका: मग तो दुसरा, एफ-वाला? मी ऐकलंय की राजाच्या परवानगीशिवाय संबंध ठेवता येत नसत, म्हणून दारावर पाटी लावायचे, त्याची आद्याक्षरं.

सुधाआत्या: शरद!!

शरदकाका: अगं विचारतोय फक्त.

मंजिरी: ‘फॉर्निकेशन अंडर कन्सेंट ऑफ द किंग.’ तशी पाटी कुणी पाहिलेली नाही, आणि नवरा-बायकोच्या संबंधांना ‘फॉर्निकेशन’ म्हणतच नाहीत, तो शब्द लग्नाबाहेरच्या संबंधांसाठी आहे. म्हणजे परवानगी देणारा राजाच पाटीवर त्याला पाप म्हणतोय.

पण काका, इथे हात जरा आखडते घ्यावे लागतात. हा शब्द लोक लिहायला घाबरायचे. पंधराव्या शतकातल्या एका कवितेत तो चक्क सांकेतिक लिपीत लपवलेला आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने तो १९७२ पर्यंत घेतलाच नव्हता. म्हणून ‘अमुक सालाआधी सापडत नाही, तेव्हा तो नव्हताच’ असं शिव्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही. लवकर सापडला तर किस्सा पडतो. उशिरा सापडला तर काहीच सिद्ध होत नाही.

नाना काका: मग त्याचं मूळ काय?

मंजिरी: डच आणि स्कँडिनेव्हियन बोलींत त्याचे सारखे दिसणारे भाऊबंद आहेत, ‘मारणे, ढकलणे’ अशा अर्थांचे. तेव्हा जर्मानिक घराण्यातला आहे इतपत बहुतेक जण मानतात. त्याच्या मागे मूळ धातू कोणता यावर एकमत नाही. शिटसारखा प्रत्येक आवाज तिथे चोख जुळत नाही.

ओंकार: आणि क्रॅप? तो टॉयलेटवाल्या थॉमस क्रॅपरवरून ना?

मंजिरी: क्रॅपर खरा माणूस, लंडनचा प्लंबर, जन्म १८३६. ‘क्रॅप’ मात्र कोंडा, टाकाऊ गाळ अशा अर्थाने त्याच्या कित्येक शतकं आधीपासून इंग्रजीत आहे. आडनाव जुळलं एवढंच.

नाना काका: बरं. हा मेसेज मला बँकेतल्या मित्रांच्या ग्रुपवरून आला होता. तुझं ते वॉटर-वासर तिकडे टाकू का?

मंजिरी: टाका की. फूट-फूसपण टाका. कुणी म्हणालं योगायोग आहे, तर ईट-एसन विचारा.