व्हायवाआधी परीक्षकाचे प्रश्न कसे ओळखलेत? अनुभव सांगा

माझा प्रबंध जमा झालाय, व्हायवा महिन्याभरात असेल. गाईड म्हणतात, "स्वतःच्या कामातल्या फटी आधी शोध." ते कसं करायचं? कोकणातल्यांनी आपापले अनुभव लिहावेत.

रत्नागिरी, मत्स्यविज्ञान

माझा विषय बांगड्याची वाढ आणि मरतूक. नमुने एकाच बंदरातले, तेही फक्त गिलनेटचे. बाह्य परीक्षकांचे अहवाल व्हायवाच्या आधी आले होते आणि एकात एक ओळ होती : "जाळ्याच्या निवडकतेचा विचार दिसत नाही." मला ती किरकोळ सूचना वाटली. अहवाल तीनदा वाचल्यावर लक्षात आलं की मुख्य प्रश्न हाच आहे.

गिलनेटच्या आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, ठरावीक जाडीचाच मासा अडकतो. बारका आरपार जातो. मोठ्याचं डोकंच आत शिरत नाही, तो बाहेरच्या बाहेर वळतो. बंदरावरच्या एका तांडेलानं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "बारको बांगडो ह्येतसून निसटान जाता." ते मी वहीत लिहिलं, प्रबंधात नाही.

मग कागदावर चार गोष्टी लिहिल्या. काय निवडलं, का निवडलं, त्यामुळे निकाल कुठल्या बाजूला कलतो, आणि तरीही काय टिकतं. तिसऱ्या रकान्यानं झोप उडवली. मी मरतूक काढली होती ती लांबीच्या आलेखाच्या उतरत्या भागावरून. मोठे मासे जाळ्यातच कमी येत असतील, तर तो उतार खऱ्यापेक्षा तीव्र दिसणार. म्हणजे मरतूक जास्त निघणार, आणि "इथे अतिमासेमारी होते" हा माझा निष्कर्षही फुगलेला असू शकतो. बारके न आल्याची अडचण त्यामानानं लहान होती, कारण आलेखाची चढती बाजू हिशेबात धरतच नाहीत.

टिकत होतं ते दोन वर्षांच्या तुलनेचं. जाळं तेच, आस तीच, बंदर तेच, त्यामुळे चूक दोन्हीकडे साधारण सारखी. व्हायवाला पहिलाच प्रश्न आला : "तुमच्या जाळ्यात न आलेला मासा कुठे आहे?" मी कल कुठे आहे ते सांगितलं, अतिमासेमारीचं वाक्य सौम्य करायची तयारी दाखवली आणि तुलना मात्र सोडली नाही. परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मालवण, मराठी

मी पीएचडीला प्रवेश घेताना मुलाखतीत "हाच विषय का?" असं विचारलं होतं. मी आजीच्या मालवणीबद्दल बोलले आणि निवड झाली. मनापासून बोलावं.

रत्नागिरी, मत्स्यविज्ञान

ताई, ती प्रवेशाची मुलाखत. इथे प्रबंध लिहून झालेला असतो, त्यामुळे "का" विचारतात तेव्हा दुसरी पद्धत का नाही, असं विचारत असतात.

देवगड, अर्थशास्त्र

मर्यादा शेवटच्या प्रकरणात लिहिल्या असतील तर पुन्हा बोलायची गरज नाही, छापलेलं पुरतं. मी तसंच केलं, निभावलं.

दापोली, निवृत्त प्राध्यापक

निभावलं असेल, पण अर्धंच खरं आहे. "नमुना लहान होता" असं छापलेलं मी शंभर प्रबंधांत वाचलं. लहान होता म्हणून कुठलं वाक्य डळमळतं, हे त्यांतल्या फार थोड्यांनी लिहिलं. मी तेच विचारायचो. माशांच्या कामात आणखी एक : पावसाळ्यात साधारण दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. रत्नागिरीच्या बाईंचे नमुने अशा नौकांचे असतील आणि त्यांनी "वर्षभराचे नमुने" म्हटलं असेल, तर ते साधारण दहा महिन्यांचे आहेत. आणि बांगड्याचं अंडी घालणं पावसाळ्याच्या आसपासचंच. मेमधला लहान गट आणि ऑगस्टमधला गट एकच, हे कशावरून जोडलं?

रत्नागिरी, मत्स्यविज्ञान

सर, गृहीतच धरलं होतं. मला हे कुणी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

दापोली, निवृत्त प्राध्यापक

योगदानाचंही सांगतो. "कोकणात हे पहिल्यांदाच झालं" हे उत्तर विद्यार्थी हमखास देतात. मग मी विचारतो, पहिल्यांदा झाल्यामुळे कुणाचा कोणता समज बदलला? एका मुलीनं सांगितलं, "एका जाळ्यावरून काढलेला मरतुकीचा आकडा धोरणासाठी थेट वापरू नये, हे माझ्या दोन जाळ्यांच्या तुलनेतून दिसतं." एक वाक्य, पण नेमकं.

ज्यांनी प्रश्न विचारला

माझ्या कामात एक गोष्ट अहवालांत कुणीच पकडलेली नाही. पहिल्या चार महिन्यांत मी मासे नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजले, नंतर शेपटीच्या खाचेपर्यंत. रूपांतर केलंय, पण प्रबंधात त्याचा उल्लेख नाही. स्वतःहून सांगू?

देवगड, अर्थशास्त्र

विचारल्याशिवाय नको.

रत्नागिरी, मत्स्यविज्ञान

मी सांगितलं असतं. रूपांतर कोणत्या सूत्रानं केलं ते, आणि ज्या माशांची दोन्ही मापं तुझ्याकडे आहेत त्यांचा तक्ता घेऊन जा. तसे मासे आहेत ना?

ज्यांनी प्रश्न विचारला

थोडे आहेत. आज वह्या काढते.