श्रद्धेचा मुद्दा आणि टीचिंग स्टेटमेंट

"धर्म-अभ्यास विभागात नोकरीसाठी अर्ज करताना टीचिंग स्टेटमेंटमध्ये, म्हणजे आपण कसं शिकवतो ते सांगणाऱ्या निवेदनात, आपण श्रद्धाळू आहोत की नाही ते लिहावं का?"

पाद्री घडवणारी सेमिनरी असेल तर लिहावंच लागतं, तिथे तो कामाचाच भाग असतो. ब्रिटनमधल्या सरकारी विद्यापीठांत मात्र निवड समितीला वेगळंच पाहायचं असतं: एकाच वर्गात बसलेल्या श्रद्धाळू आणि नास्तिक मुलांना तुम्ही एकाच मजकुरावर कामाला कसं लावता. माझ्या पहिल्या मसुद्यात "मी सर्व धर्मांचा आदर राखून शिकवते" असं होतं. ते वाचून एका ज्येष्ठ प्राध्यापिकेने समासात एवढंच लिहिलं, "कसा?"

मग ते वाक्य काढून त्या जागी मी वर्गातल्या एका तासाचं वर्णन लिहिलं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापलं गेलं. त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलंय. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी चार ओव्या इंग्रजी भाषांतरासह देते, 'वैकुंठ' तसाच ठेवून, आणि विचारते की हा शब्द गोव्यातल्या नवख्रिस्ती श्रोत्याला काय सांगत असेल, आणि मिशनऱ्याला काय सांगायचं असेल. सुरुवातीला मुलं थेट "हे योग्य की अयोग्य" यावर घसरली, दोघीतिघी गप्पच झाल्या. पुढच्या वर्षी आधी दहा मिनिटं लेखी उत्तर घेतलं, मत द्यायचं ते त्यानंतर. गप्प बसणाऱ्याही बोलल्या. स्टेटमेंटमध्ये ही फसगत आणि हा बदल दोन्ही ठेवले. मुलाखतीत सगळे प्रश्न त्यावरच आले. माझ्या श्रद्धेबद्दल कुणी विचारलं नाही.