शब्दचर्चा: ‘तिसऱ्या तिमाहीची टीडीएस वजावट’ असं लिहावं का?

अनघा (दांडिया बाजार, बडोदा): मी इंटिरिअरची कामं करते. नाशिकच्या एका कंपनीचं ऑफिस केलं. टीडीएसचं सर्टिफिकेट मागायला त्यांना असं लिहिलं: ‘तिसऱ्या तिमाहीत ६४,८०० रुपयांवर जी टीडीएस वजावट झाली, तिचा दाखला पाठवावा.’ उत्तर आलं, की जुलै ते सप्टेंबरमध्ये तुमचं एकही बिल नाही आणि ६४,८०० रुपयांचं बिल तर कधीच नव्हतं. माझ्या वाक्यात कुठला शब्द चुकतोय?

मेधा: कंपनी फॉर्म १६ वर्षातून एकदाच देते, जूनमध्ये. माझ्या शाळेतही तसंच होतं. तोवर थांबावं लागेल तुला.

वसंतकाका (रावपुरा): मेधाताई, तो पगाराचा फॉर्म. अनघाला हवाय १६ए, आणि तो दर तिमाहीला निघतो. ऑक्टोबर ते डिसेंबरचं विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं आणि त्यानंतर १५ दिवसांत १६ए द्यायचा असतो. १५ फेब्रुवारी उलटून गेली आहे, तेव्हा मागण्यात काहीच गैर नाही. फक्त ‘दाखला’ न म्हणता फॉर्मचं नाव लिही. नाहीतर कंपनीच्या लेटरहेडवर ‘एवढा कर कापला’ असं टाइप करून पाठवतात. आपल्याला आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून उतरवलेलाच १६ए हवा.

आता ‘तिसरी तिमाही’. आपल्या हिशेबाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून तिसरी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. समोरच्याने जानेवारीपासून मोजलं की तीच जुलै ते सप्टेंबर होते. तेव्हा आकडा सोड आणि महिने लिही, पुढे ‘आर्थिक वर्ष २०२५-२६’ जोड. नुसतं ‘२०२६-२७’ लिहिलंस तर ते करनिर्धारण वर्ष धरायचं की आर्थिक, हा नवा घोळ.

निखिल: मला ‘वजावट’ खटकते. वजावट उत्पन्नातून होते, विम्याच्या हप्त्याची वगैरे. इथे ‘कपात’ हवं, किंवा सरळ ‘कापलेला टीडीएस’. तिमाहीचं मात्र सोपं आहे, पैसे ज्या तारखेला खात्यात आले ती तिमाही धरायची.

वसंतकाका: ‘कपात’ अगदी बरोबर. तिमाहीचं अर्धंच खरं. रक्कम त्यांच्या पुस्तकात तुझ्या नावे जमा धरली तो दिवस किंवा प्रत्यक्ष पैसे दिले तो दिवस, यातला जो आधी येईल त्या दिवशी कर कापायचा असतो. अनघा, बिलाची आणि पैशांची तारीख सांग बरं.

अनघा: बिल २८ डिसेंबर २०२५ चं. काम ६०,००० चं, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८००, एकूण ७०,८००. बँकेत ६४,८०० आले ते १२ जानेवारीला.

वसंतकाका: म्हणजे कर ६,००० कापला, ६०,००० वर १० टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस लागत नाही. ‘६४,८०० वर’ या शब्दांनीच त्यांना फसवलं. ६४,८०० हे कापून उरलेले पैसे. शोधणारा बिलाची रक्कम आणि कर बघतो, आणि हा आकडा दोन्हीकडे सापडायचा नाही.

सुनीता: पण आयकर खात्याच्या साइटवर आपल्या नावे कापलेला कर दाखवणाऱ्या २६एएसमध्ये तो दिसला की झालं ना? सर्टिफिकेटच्या मागे कशाला लागायचं? बँकेने माझ्या एफडीवर कापला तेव्हा मी तेवढंच बघून रिटर्न भरला.

वसंतकाका: दिसला तर उत्तमच. पण अनघा, तू आधी तेच उघडून बघ. तिथे ६०,००० आणि ६,००० असे दोन आकडे असतील आणि पुढे व्यवहाराची तारीख. तारीख डिसेंबरची असेल तर तुझी तिमाही बरोबर. काहीच नसेल तर एक शक्यता अशी, की त्यांनी बिल जानेवारीत चढवलंय. मग ते जानेवारी ते मार्चच्या विवरणपत्रात जाईल, आणि त्याची मुदत ३१ मे. पॅन चुकीचा टाकला असेल तरीही दिसणार नाही.

अनघा: पाहिलं, काहीच नाही. आता असं लिहिते:

‘आमच्या २८ डिसेंबर २०२५ च्या बिलातील ६०,००० रुपयांवर (जीएसटी वगळून) आपण ६,००० रुपये टीडीएस कापला असून उरलेले ६४,८०० रुपये १२ जानेवारीला मिळाले. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचा फॉर्म १६ए ट्रेसेसवरून उतरवून पाठवावा. बिलाची नोंद जानेवारीत झाली असल्यास तसे कळवावे. आमचा पॅन बिलावर आहे, तो कृपया ताडून पाहावा.’

निखिल: छान. ‘उतरवून’ऐवजी ‘डाउनलोड करून’ लिही, नाशिकचे हाताने नक्कल करून पाठवतील.

वसंतकाका: बडोद्यात आम्ही उतरवूनच म्हणतो. पण पत्र नाशिकला चाललंय, तेव्हा निखिलचं ऐक.

मेधा: आणि तिमाही की त्रैमास? आमच्या शाळेच्या कागदांत त्रैमासिक असतं.

निखिल: महिने लिहिलेत तर दोन्ही चालेल. मला तिमाही आवडतं.