मदत हवी आहे: कोल्हापूर-चाकण नेहमीचा माल, स्वतःचा ट्रक घ्यावा की बाजारातल्या गाड्याच बऱ्या?

शिरोलीचा_भट्टीवाला

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे, महिन्याला साधारण १५ गाड्या कास्टिंग चाकणला जातं, ९ टनी गाडी, एकीकडून २६० किमी. आत्तापर्यंत सगळं ट्रान्सपोर्ट ऑफिसमधून गाडी मागवून, सध्या भाडं १५,५०० पडतं. पण ऊस सुरू झाला की दरवर्षी रडारड, गाड्या कारखान्यांकडे वळतात, भाडं १८ हजारांवर जातं आणि तेवढं देऊनही "गाडी लावतो साहेब, तासाभरात" म्हणत रात्रीचे ११ वाजवतात. गेल्या डिसेंबरात एक गाडी वाटेत थांबवून ड्रायव्हरने आमच्या बिनांवर दुसऱ्या कुणाचातरी माल टाकला, २ बिन वाकल्या, माल ५ तास उशिरा पोचला आणि कस्टमरने लाईन थांबल्याची डेबिट नोट लावली. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो गाडी माझी नव्हे, दलालाची.

म्हणून वडील म्हणतायत स्वतःची गाडी घेऊन टाक. मी असा हिशोब मांडलाय: गाडी बॉडीसकट २६ लाख, २१ लाख कर्ज, हप्ता साधारण ४५ हजार, ड्रायव्हर २२ हजार, विमा-टॅक्स-पासिंग धरून ८ हजार, म्हणजे महिन्याला ७५ हजार. गाडी उभी राहिली तरी हे द्यायचेच. फेरीला डिझेल ९० लिटर म्हणजे ८,२००, टोल जाऊन-येऊन २ हजार, भत्ता ८००, टायर-मेंटेनन्स २ हजार, एकूण १३ हजार. १५ फेऱ्यांवर ७५ हजार वाटले की ५ हजार, म्हणजे १८ हजार फेरी. ऊसाच्या सीझनमध्ये तेवढंच जातंय, मग घ्यायला काय हरकत? काही चुकत असेल तर सांगा.

फरसाणवाला_नाशिक

डोळे झाकून घ्या. आम्ही ३ वर्षांपूर्वी छोटा हत्ती घेतला, सकाळी ७ ला माल भरायचा, २० दुकानं करून ३ ला परत. स्वतःची गाडी म्हणजे राजाचं काम, कुणाला फोन नको. ड्रायव्हरच वसुलीपण करतो.

शिरोलीचा_भट्टीवाला

दादा तुमचं शहरातलं वाटप आहे हो, आमचं एकाच ठिकाणी ९ टन खाली करून मोकळी गाडी परत आणायची, तेवढा फरक आहे.

टॅक्सचं_बोला

एक गोष्ट विसरलात, ट्रकवर ३०% घसारा मिळतो, शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ झालाय आणि तो क्रेडिटला मिळतो. उलट भाड्याच्या गाडीवर ५% रिव्हर्स चार्ज भरावा लागतो, तो बुडीत खर्च. टॅक्स धरला तर स्वतःची गाडी स्वस्तच.

मोटरमालक_कराड

वरच्यांचं अर्धं बरोबर आहे. ३०% घसारा भाड्याने गाड्या चालवणाऱ्याला, स्वतःचा माल वाहणाऱ्या कारखान्याला १५% च. आणि ५% रिव्हर्स चार्ज भरला की तेवढंच क्रेडिट मिळतं, माल करपात्र असेल तर तो बुडत नाही, फक्त पैसे आधी जातात. डिझेल मात्र जीएसटीत नाही, तिथं काहीच परत येत नाही, आणि स्वतःची गाडी म्हणजे सगळ्यात मोठा खर्च डिझेलच.

आता मूळ प्रश्न. माझ्या ६ गाड्या आहेत, त्यातल्या ४ याच रोडवर, त्यामुळे गिऱ्हाईक तुटू नये म्हणून सांगतोय असं वाटेल, पण हिशोब स्वतः तपासा.

पहिलं, एका ड्रायव्हरवर १५ फेऱ्या होत नाहीत. संध्याकाळी ७ ला शिरोलीतून निघाला, पहाटे चाकण, ८ ला गेटवर नंबर, खाली व्हायला ११-१२, परत यायला रात्र. दुसऱ्या दिवशी माणूस झोपणार. रविवार, सण, सर्व्हिसिंग काढा, १२ फेऱ्या झाल्या तर डोक्यावरून पाणी. ७५ हजाराला १२ ने भागा, ६,२५० येतात, म्हणजे फेरी १९,२५० ला पडली. बाजारभाव १५,५०० आणि वरच्या ३ फेऱ्या तरी बाजारातूनच.

दुसरं, मी १५,५०० ला कशी देतो? कारण मी तुमच्याकडून फक्त जायचं भाडं घेतो, येताना चाकण-भोसरीतून दुसऱ्या पार्टीचा माल भरून आणतो. तुमची गाडी रिकामी येणार, म्हणजे तुम्ही दोन्ही बाजूंचं डिझेल आणि टोल एकट्याने भरणार. ड्रायव्हर, हप्ता नंतर, सगळा फरक रिटर्नचा आहे.

तर प्रश्न असा, तुम्ही भट्टीसाठी स्टीलचं स्क्रॅप कुठून घेता?

शिरोलीचा_भट्टीवाला

अरे हो! बंडल स्क्रॅप भोसरी-चाकणच्या प्रेसशॉपमधूनच येतं, महिन्याला ७०-७५ टन, म्हणजे ८ गाड्या. पण ते पोच भावात घेतो, गाडी विकणाऱ्याची. हे दोन्ही एकत्र धरलंच नव्हतं मी.

मोटरमालक_कराड

मग तिथंच उत्तर आहे. स्क्रॅपवाल्याला यार्डातला भाव विचारा. तो किलोला १ रुपया कमी करत असेल तर ९ टनाला ९ हजार सुटले. भरून आली की ॲव्हरेज पडतं, ८-१० लिटर डिझेल जादा जाईल, हातात ८,२०० धरा. महिन्याला ६ रिटर्न मिळाले तर तुमची फेरी १५ हजारांच्या आसपास येते, बाजाराशी बरोबरी. ८ मिळाले तर महिन्याला २० हजार वाचतील. ४ च मिळाले तर तोटा. पण किलोला ६० पैशांच्यावर सोडत नसेल तर ट्रकचा विषयच बंद करा.

आणि कंटेनर बॉडी घेऊ नका, बंडल क्रेनने वरून टाकतात. उघडी बॉडी, खाली जाड पत्रा, कास्टिंगवर ताडपत्री. माझ्या ओळखीच्या एकाने बंद बॉडी घेतली, यार्डवाल्याने भरायलाच नकार दिला, शेवटी छप्पर कापलं.

डिस्पॅचला_२०_वर्षं

हिशोब झाला, पण भरवशाचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे २ स्वतःच्या गाड्या होत्या. गावची जत्रा आली की ड्रायव्हर ४ दिवस गायब, गाडी गेटला उभी आणि बदली ड्रायव्हर मिळेना. बाजारातली एक गाडी बिघडली तर दुसरी मागवता येते, स्वतःची पुण्याच्या अलीकडे खंबाटकीत बंद पडली की मेकॅनिक शोधायला तुम्हीच. शिवाय डिझेलचोरी! टाकी फुल करून द्यायची आणि पावत्यांवर विसंबायचं नाही, प्रत्येक फेरीला परत आल्यावर टाकी फुल करून किमीने भागायचं. आमच्याकडे ॲव्हरेज ६ वरून ५.१ वर आलं तेव्हा कळलं.

त्यापेक्षा एक-दोन मोटरमालकांच्या गाड्या अटॅच घ्या. महिन्याला १० फेऱ्यांची हमी द्या, पैसे पोच आल्यावर ७ दिवसांत द्या, बदल्यात ऊसात भाडं वाढणार नाही आणि वाटेत दुसरा माल भरणार नाही हे लिहून घ्या. डिझेलचंही लिहा, भाड्यात निम्मा वाटा डिझेलचा असतो, म्हणजे डिझेल १०% वाढलं तर भाडं ५% वाढवायचं.

मोटरमालक_कराड

७ दिवसांत पैसे हे खरंच दिलंत ना, तर ऊसातसुद्धा गाडी हलणार नाही. आमची अर्धी माणसं कारखान्याकडे जातात ती भाड्यापेक्षा तुमच्यासारख्यांकडे ६०-६० दिवस अडकलेल्या बॅलन्सला कंटाळून. तुमचं किती दिवसांनी जातं ते लिहिलं नाही तुम्ही.

शिरोलीचा_भट्टीवाला

(खाली मान घालून) ४५ ते ५० दिवस.

फरसाणवाला_नाशिक

परत येताना रिकामं असेल तर बाहेरचं भाडं मारा की, पुण्यातून कोल्हापूरला भरपूर माल असतो.

मोटरमालक_कराड

सांभाळून. विमा स्वतःच्या मालाचा घेतला असेल आणि भाड्याचा माल भरलेला असताना अपघात झाला तर क्लेम अडकतो. परमिट आणि पॉलिसी दोन्ही आधीच भाड्याच्या वाहतुकीची करून घ्यावी लागते. स्वतः विकत घेतलेलं स्क्रॅप आणलं तर तो प्रश्न नाही.

शिरोलीचा_भट्टीवाला

आज ३ स्क्रॅपवाल्यांना फोन केले. एक ९० पैसे सोडतोय, एक ५० वर अडलाय, तिसरा म्हणतो "गाडी तुमची आली तर वजनावरून भांडण नको, काटा माझाच". हे काट्याचं कुणी कसं सोडवता? भोसरीत भरल्यावर बाहेरच्या धर्मकाट्यावर परत वजन केलं तर दुपारचे ३ वाजतील आणि मग ड्रायव्हर रात्री घरी पोचत नाही.